समुद्रातली जागा कोणाची? एका गावकीचं आणि एका विधवेचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळी गावातलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घडण्याचा क्रम बदललेला नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. या प्रकरणात मी त्या बाईची वकील नव्हते, गावकीची होते. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

पार्श्वभूमी

गावात डोल जाळ्याची मासेमारी चालते. समुद्रात ठरलेल्या ठिकाणी खुंट रोवलेले असतात, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं जवळा, बोंबील, करदी आपोआप आत येते. उधाणाला ओढ जोरात असते म्हणून मासळी भरपूर, भांगाला कमी. बोट कोणीही विकत घेऊ शकतो, पण बोट घेतली म्हणजे मासे मिळाले असं इथं होत नाही. खरी मालमत्ता म्हणजे खुंटाची जागा. या जागा घराण्यांत पिढ्यान् पिढ्या वाटलेल्या आहेत आणि त्यांचा सातबारा कुठेही नाही. कोणाची जागा कुठे, हे गावकीच्या पंचांना आणि बोटी चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ असतं, बस्स.

गावकीकडे दुसरीही एक जबाबदारी आहे, बोंबील आणि जवळा वाळवायच्या किनाऱ्याची. पाखाडीच्या खाली बोंबील लटकवायच्या बांबूंच्या वलांड्या उभ्या आहेत, बाजूला जवळ्याचं खळं. ही जमीन सरकारी आहे. गेली काही वर्षं तिच्यावर रिसॉर्टवाल्यांचा डोळा आहे. सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मच्छीमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने आणि मासे वाळवायची ठिकाणं दाखवायला हवीत. आमची वाळवायची जागा, म्हणजे वाळवण, नकाशावर यावी म्हणून गावकीनं अर्ज केला आणि तो तयार करायचं काम माझ्याकडे आलं. अर्जाला आम्ही एक यादी जोडली, वाळवण प्रत्यक्ष वापरणाऱ्या सगळ्या बायकांची, सहीसकट. त्या यादीत ती बाई होती.

अर्जातला माझा युक्तिवाद असा होता: हा समाज इथं पिढ्यान् पिढ्या आहे, त्याचं जगणं या जमिनीशी बांधलेलं आहे आणि ही जमीन बाजारात खुली सोडली तर पैसेवाला ती घेईल आणि समाज संपेल. म्हणून सगळ्यांना सारखा असणारा नियम इथं पुरत नाही, या गटाला गट म्हणून वेगळं संरक्षण हवं. बहुसांस्कृतिकतेच्या चर्चेत कॅनडाचे विल किम्लिका याला बाह्य संरक्षण म्हणतात: बाहेरच्या मोठ्या समाजाच्या आर्थिक किंवा राजकीय जोरापासून लहान गटाला आडोसा. असं संरक्षण आपल्या राज्यघटनेतही अनेक जागी आहे. 29 व्या कलमात संस्कृती जपण्याचा हक्क आहे, सहाव्या अनुसूचीत ईशान्येच्या काही आदिवासी भागांसाठी स्वायत्त परिषदा आहेत. अर्ज लिहिताना मला आत कुठेही खुपलं नाही.

समस्या

तिचा नवरा नारळी पौर्णिमेच्या आसपास आजारानं गेला. बोट दोघा भावांची, निम्मी निम्मी. मागे ती, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू. दिवाळी झाल्यावर तिनं दिराकडे हिशोब मागितला. डिझेल, बर्फ आणि खलाशांचे वाटे वजा करून उरतं त्यातलं आपलं काय, इतकाच प्रश्न होता.

दिरानं तो प्रश्न गावकीत नेला. गावकीची रीत अशी की बोट आणि खुंटाची जागा जिवंत भावाकडे जाते आणि तो भावजयीचं आणि मुलांचं पोट पाहतो. पंचांनी तसाच निर्णय दिला: दर महिन्याला खर्चापुरते पैसे आणि मुलगा मोठा झाला की त्याला बोटीवर घ्यायचं. मुलीचा उल्लेखच नव्हता. बैठकीत ती नव्हती, कारण गावकीच्या बैठकीत बायका बसत नाहीत.

तिनं निर्णय मानला नाही आणि दिराला वकिलामार्फत नोटीस पाठवली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मेलेल्या माणसाची विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे नवऱ्याच्या निम्म्या हिश्श्याचे चार सारखे भाग. तिचा आणि तिच्या दोन लहान मुलांचा मिळून बोटीत आठातला तीन हिस्सा, एक सासूचा, उरलेले चार दिराचे. यात वादाला जागाच नव्हती.

पण नोटीस हाच गुन्हा ठरला. ‘गावाच्या बाहेर गेली’ म्हणून गावकीनं दंड ठोठावला. तिनं तो भरला नाही. मग काही लिहिलं गेलं नाही, काही जाहीर झालं नाही, आणि तिच्याभोवतीचं सगळं बंद झालं. बर्फवाला बर्फ देईना. लिलावात तिनं टोपली मांडली की बोली लागेना. वलांडीवर तिच्या वाट्याच्या बांबूंवर दुसरीचे बोंबील लटकू लागले. शेजारणीची पोरगी तिच्या मुलीबरोबर शाळेत जायची, तीही वेगळी जाऊ लागली. शिमग्यात देवाची पालखी घरोघर नाचवतात. त्या वर्षी पालखी तिच्या दारापर्यंत आली, ढोल क्षणभर थांबले आणि पालखी पुढच्या घरी गेली.

ती चैत्रात माझ्याकडे आली. बर्फाचं, लिलावाचं तिनं थोडक्यात सांगितलं. पालखीचं सांगताना मात्र रडली.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सगळ्यांनीच तिला सुचवला होता: गाव सोड. माहेर पनवेलजवळ आहे, तिथं जा, हिस्सा कोर्टातून घे. हा नुसता शेजाऱ्यांचा सल्ला नाही, राज्यशास्त्रात त्याला मोठं घराणं आहे. चंद्रन कुकाथस यांची भूमिका साधारण अशी: राज्यानं गटांच्या आतल्या कारभारात नाक खुपसू नये, गट कितीही कडक असो, माणसाला तिथून निघून जायची मोकळीक असली म्हणजे पुरे. चर्च सोडता येतं, क्लब सोडता येतो, तशी गावकीही.

मला हे पहिल्यापासून पटलेलं नाही, आणि का, ते या प्रकरणात मोजून दाखवता येतं. ती पनवेलला गेली तर बोटीचा हिस्सा विकून थोडे पैसे येतील. पण जुन्या बोटीची किंमत ती काय! खुंटाची जागा ती बरोबर नेऊ शकत नाही, विकू शकत नाही, कोर्टात सिद्धही करू शकत नाही, कारण तिचा एकमेव पुरावा गावकीच्या आठवणीत आहे. तिच्या मालमत्तेचा दस्तऐवज म्हणजे तिला वाळीत टाकणारी माणसंच. ती म्हणाली, “गाव सोरून जाव कुठं? समुद्र काय पोतरीत भरून नेव?”

दुसरा मार्ग, नुसता दिवाणी दावा. वाटणीचा दावा लावायचा, बहिष्काराकडे दुर्लक्ष करायचं. निकालाला वर्षं लागतील आणि निकाल लागला तरी बर्फ मिळणार नाही.

तिसरा मार्ग फौजदारी. महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बहिष्कार टाकणाऱ्यालाच नाही तर त्यासाठी बैठक बोलावणाऱ्यालाही तो लागू होतो. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोडही करता येते. हा कायदा येण्यामागे रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणं होती, त्यामुळे इथल्या पोलिसांना तो अनोळखी नाही.

चौथा मार्ग मी मनात धरला होता: गावकीशी बोलून मिटवणं. वकील त्यांचीच होते, ते माझं ऐकतील असं मला वाटलं.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

पक्षकाराच्या विरुद्ध मी उभी राहू शकत नव्हते, म्हणून तिला मी तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. 1987 च्या कायद्यानुसार बाईला तिथं उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. एक तरुण वकील मिळाला, चांगला होता. त्याला मी विनंती केली की तक्रार लगेच करू नकोस, मला दोन महिने दे.

कारण मला भीती होती. वाळवणाचा अर्ज नेमका तेव्हा सुनावणीला होता. ‘गावकी म्हणजे जातपंचायत, हे लोक स्वतःच्या बाईला वाळीत टाकतात आणि सरकारकडे समाज म्हणून जमीन मागतात’ असं समोरच्यानं म्हटलं तर? हे मी तेव्हा समाजाचं हित समजत होते. खरं तर गटाच्या हक्कासाठी गटातल्या दुबळ्याला थांबायला सांगणं हा या विषयातला सगळ्यात जुना आक्षेप आहे आणि मी स्वतः तो आक्षेप खरा करून दाखवला. स्त्रीवादी विचारवंत सुसान ओकिन यांनी 1990 च्या दशकात हेच मांडलं होतं: गटाला हक्क दिले की ते गटाच्या वतीनं बोलणाऱ्यांच्या हातात जातात, बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि संस्कृती जिथं सगळ्यात घट्ट असते ती जागा म्हणजे घर, लग्न, वारसा, म्हणजे बाईचं आयुष्य.

त्या दोन महिन्यांत पंच माझ्याशी गोड बोलले. चहा झाला, सोलकढी झाली. गावकीचे पाटील म्हणाले, “मॅडम, आम्ही तिला उपाशी ठेवत नाही. पण एकीनं कोर्ट दाखवलं की उद्या दहा जणी दाखवतील. मग गावकी कशाला?” हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. गावकी मोडली तर खुंटाच्या जागांची आठवणही मोडते, आणि मग मोठ्या बोटीवाला तिथं जाळं टाकायला मोकळा.

मग जून-जुलैची मासेमारी बंदी आली. बंदी उठल्यावर नारळी पौर्णिमेला बोटी पूजल्या आणि पहिल्याच उधाणाला तिच्या नवऱ्याच्या खुंटावर दिराच्या मेहुण्याचं जाळं लागलं. मी मागितलेले दोन महिने असे खर्ची पडले होते.

दुसरा निर्णय: यादीतलं नाव

त्याच आठवड्यात पंच माझ्याकडे आले. अर्जाला जोडलेल्या वाळवणाच्या यादीतून तिचं नाव काढायचं होतं. “आता ती वापरत नाही ना,” एक जण म्हणाला.

इथं माझ्यापुरता सगळा घोळ एका कागदावर आला. किम्लिका बाह्य संरक्षणाच्या बरोबर दुसरी गोष्ट ठेवतात, अंतर्गत निर्बंध: गटानं आपल्याच माणसाचं स्वातंत्र्य दाबणं. त्यांचं म्हणणं, उदारमतवादी लोकशाहीनं पहिल्याला पाठिंबा द्यावा, दुसऱ्याला देऊ नये. कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. पण ही यादी एकाच वेळी दोन्ही होती. बाहेरच्यांसमोर ती संरक्षण मागत होती आणि आतल्या बाईला बाहेर ढकलायचं हत्यारही होऊ शकत होती. एक नाव खोडलं की संरक्षणाचा निर्बंध होतो.

मी नाही म्हटलं, आणि कारण नीतीचं दिलं नाही, कायद्याचं दिलं. यादी प्रतिज्ञापत्राबरोबर गेली आहे, ती सांगते की ही बाई वाळवण वापरते. आता ती वापरत नसेल तर का नाही, हे लिहावं लागेल. काय लिहू? खोलीत कोणी बोललं नाही. मी म्हटलं, नाव काढायचं असेल तर दुसरा वकील बघा. पाटील बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. नाव राहिलं.

कारवाई

भाद्रपदात तिनं पोलिसांत लेखी तक्रार दिली. बहिष्कार तोंडी असतो, म्हणून तो सिद्ध करणं अवघड जातं. तिच्या वकिलानं तो कागदांतून उभा केला. मच्छीमार सोसायटीच्या लिलावाच्या पावत्या मार्गशीर्षापर्यंत नियमित होत्या, पौषापासून एकही नाही. बर्फाची बिलं गावातल्या कारखान्याची होती, ती अचानक वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाची झाली, मासळी तीच आणि रिक्षाचं भाडं वर. गावकीच्या वहीत दंडाची नोंद होती, पुढं ‘बाकी’. बहिष्कार हा शब्द कुठेच नव्हता, पण तारखा एकमेकींना चिकटत होत्या.

पालखीवरून तिचं आणि वकिलाचं वाजलं. त्याला पालखी तक्रारीत नको होती. त्याच्या भीतीला इतिहास आहे. 1949 मध्ये मुंबई राज्यानं समाजबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल देऊन तो रद्द केला: धार्मिक पंथाला 26 व्या कलमानुसार आपला धर्मविषयक कारभार चालवायचा हक्क आहे आणि शिस्तीसाठी बहिष्कृत करणं त्यात येतं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. त्या निकालाचा फेरविचार 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. गावकी हा धार्मिक पंथ नव्हे, पण पालखी आणली की समोरचा वकील देव आणणार, असं त्याचं गणित होतं. बर्फ आणि लिलावात देव नाही.

ती ऐकेना. शेवटी पालखीचं एकच वाक्य राहिलं, सगळ्यात शेवटी. वकिलाचं गणित बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण तिच्या लेखी बहिष्कार त्या एका वाक्यात होता, आणि ते नसतं तर ती तक्रार तिची राहिली नसती.

गुन्हा नोंदला गेला, पाच जणांवर. मग मात्र गावकी बोलायला बसली. चर्चेत सगळ्यात कठीण मुद्दा बोटीचा नव्हता, बोटीचं कायद्यात स्पष्ट आहे. मुद्दा खुंटाचा होता. कोर्ट तिला आठातला तीन हिस्सा देईल, पण जागा कोण देणार?

मी जे सुचवलं त्याचं बीज कायद्याच्या अभ्यासक अयेलेत शाचार यांच्या मांडणीत आहे. त्यांचं म्हणणं असं की बाईला ‘तुझी संस्कृती की तुझे हक्क’ असा एकच पर्याय विचारणं हेच चूक आहे. अधिकार विषयानुसार फोडा, काही राज्याकडे, काही गटाकडे, म्हणजे दोघांनाही माणूस आपल्याकडे राहावं म्हणून नीट वागावं लागेल. आम्ही तसंच फोडलं. कोणती जागा कुठे आणि ती कोणत्या घराची, हे गावकी सांगेल, कारण दुसऱ्या कोणाला ते माहीतच नाही. त्या घरात ती जागा कोणाकोणाची, हे वारसा कायदा सांगेल, गावकी नाही. आणि दोन्ही सोसायटीच्या रजिस्टरात लिहिलं जाईल.

काय झालं

कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. दंड रद्द, बहिष्कार मागे घेतल्याचं गावकीच्या बैठकीत सांगायचं, बोटीचा हिशोब दर महिन्याला, खुंटाच्या जागेची नोंद तिच्या आणि दोन्ही मुलांच्या नावानं. मुलीचं नाव लिहिताना एका पंचानं ‘तिचं लग्न होईल की’ असं म्हटलं, पण खोडलं नाही.

पुढच्या शिमग्यात पालखी तिच्या दारी थांबली. शेजारची दोन घरं त्या वेळी दार लावून होती. लिलावात बोली लागते, पण सुरुवातीचे काही महिने शेवटी आणि कमी लागत होती. बायका अजूनही बैठकीला बसत नाहीत. वाळवणाचा अर्ज मी हे लिहीपर्यंत तरी निकाली निघालेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दोन महिने थांबायला सांगणं ही माझी चूक. त्याची किंमत तिनं एका हंगामाच्या पहिल्या उधाणानं मोजली. तक्रार आधी आणि बोलणी नंतर, असा क्रम हवा होता. गावकी बोलायला बसली ती माझ्या गोड बोलण्यानं नाही, गुन्हा नोंदला गेल्यावर.

दुसरं, अर्ज तयार करताना मी ‘समाजाचं’ म्हणणं पंचांकडून लिहून घेतलं. वाळवण बायका वापरतात, सह्या बायकांच्या, पण एकीशीही मी वेगळं बोलले नव्हते. बोलले असते तर ती रीत, ती बैठक, तो दंड, सगळं आधीच कानावर आलं असतं. संस्कृती म्हणजे एकसंध वस्तू नाही, तिच्या आतच भांडण असतं, हा आक्षेप पुस्तकात वाचला होता. प्रतिज्ञापत्र लिहिताना तो आठवला नाही.

ब्रायन बॅरी यांच्यासारखे टीकाकार याहून पुढं जातात. त्यांच्या मते गटांना वेगळे हक्क देणंच चूक, सगळ्यांना एकच कायदा द्या आणि खरा प्रश्न गरिबीचा आहे तो सोडवा. या प्रकरणानं मला त्यांच्याकडे थोडं सरकवलं, पण पूर्ण नाही. एकच कायदा, खुला बाजार आणि पंच नाहीत, अशा किनाऱ्यावर तिला बोटीचा हिस्सा नक्की मिळाला असता. पण वलांडीच्या जागी रिसॉर्टचं कुंपण असतं आणि खुंटावर ट्रॉलरवाला.

तालुक्यातल्या आणखी दोन गावांत आता आम्ही खुंटांच्या जागा लिहून घेतो आहोत. म्हातारे तांडेल आधी नको म्हणतात. लिहिलं की भांडणं लागतील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे: लिहिल्यावर रीत गोठते, पूर्वी एका वाईट हंगामात दोन घरं समजुतीनं जागा बदलून घ्यायची ते बंद होईल. त्यासाठी रजिस्टरात एक रिकामा रकाना ठेवला आहे, तात्पुरत्या अदलाबदलीचा. परवा एका बाईनं विचारलं, त्या रकान्यात सही कोणाची घ्यायची, घरातल्या पुरुषाची की जिच्या नावावर जागा आहे तिची. आम्ही अजून ठरवतो आहोत.